प्रबोधिनीत निघालेल्या भावाला निरोप: फाटकापाशी काय बोलावे आणि काय आधीच बोलून ठेवावे

भाऊ लष्करी प्रबोधिनीत दाखल व्हायला निघतो तेव्हा घरातली वडीलधारी माणसे दाखले, हमीपत्रे आणि प्रवास यांत गुंतलेली असतात, आणि बहीण किंवा भाऊ म्हणून आपल्या वाट्याला नेमके काय येते हे कोणी सांगत नाही. माझा भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी लहान. जे जे बोलायचे ते सगळे मी फाटकासाठी राखून ठेवले होते, आणि फाटकापाशी पोहोचल्यावर माझ्या तोंडून एवढेच निघाले, “चष्म्याची दुसरी जोडी घेतलीस ना?” त्याने मान हलवली, ट्रंक उचलली आणि तो रांगेत जाऊन उभा राहिला. पुढे काही महिन्यांत इतर कॅडेटांच्या घरच्यांशी बोलल्यावर लक्षात आले, की जवळजवळ प्रत्येकाचे असेच काहीतरी झाले होते.

हा प्रकार एखाद्याच प्रबोधिनीत घडतो असे नाही. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट येथील अकादमीत दाखल होण्याच्या दिवशी कुटुंबाला निरोपासाठी जेमतेम मिनिट-दीड मिनिट दिले जाते, हे तर प्रसिद्धच आहे. इतरत्र घड्याळ इतके काटेकोर नसले तरी अनुभव फारसा वेगळा नसतो, कारण उमेदवाराला हजेरीची वेळ गाठायची असते, त्याच्यामागे आणखी शंभर जण उभे असतात आणि त्याचे लक्ष तुमच्याकडे नसून समोर ओरडणाऱ्या उस्तादाकडे असते. म्हणून खरा निरोप आधीच्या तीन आठवड्यांत घ्यावा, उरलेला नंतरच्या सहा आठवड्यांत पत्रांतून पुरा करावा, आणि फाटकावर फारसे काही ठेवू नये. पुढची मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

पहिले काम: सूचनापत्र आपल्या नजरेने वाचणे

दाखल होण्याच्या सूचनांचे जाडजूड पत्र येते तेव्हा आईवडील त्यात कागदपत्रांची यादी पाहतात आणि भाऊ सामानाची. आपण त्यात तीन गोष्टी शोधाव्यात. घरच्यांना कुठपर्यंत येता येते, ही पहिली गोष्ट. काही ठिकाणी वसतिगृहापर्यंत जाऊ देतात, तर काही ठिकाणी मुख्य फाटकावरूनच परत पाठवतात, आणि हे ऐनवेळी कळले तर शेवटची पाच मिनिटे वादात जातात. मोबाइलचे काय होणार, ही दुसरी गोष्ट. सुरुवातीच्या काळात तो बहुतेक ठिकाणी जमा तरी होतो किंवा आठवड्यातून ठरावीक वेळच हाती मिळतो. तिसरी गोष्ट म्हणजे टपालाचा पत्ता. त्यावर बहुधा कॅडेटचा क्रमांक आणि स्क्वॉड्रन, कंपनी किंवा प्लाटून लिहावी लागते, आणि ही माहिती दाखल झाल्यानंतरच मिळते. त्यामुळे पहिला पत्ता तिकडून येणार आहे हे गृहीत धरून तयारी करावी.

याच वेळी कार्यालयाचा किंवा तुकडीच्या अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक घरात ठळक जागी लिहून ठेवावा. घरी गंभीर प्रसंग ओढवला तर निरोप पत्राने किंवा भावाच्या मित्रामार्फत न पाठवता त्या क्रमांकावर कळवायचा असतो, कारण रजा देण्याचा अधिकार त्यांनाच असतो आणि भावाला ती बातमी कोणीतरी शेजारी बसवून सांगणे आवश्यक असते.

तीन आठवडे आधी: बूट आणि इस्त्री

ज्या भावांना एकमेकांसमोर बसून मनातले बोलता येत नाही, आणि बहुतेकांना ते येत नाही, त्यांना हातात काम असले की बोलता येते. म्हणून या तीन आठवड्यांत त्याला दोन कामांत सोबत करावी, ज्यांचा त्याला तिथे पहिल्या दिवसापासून उपयोग होणार आहे.

पहिले काम बुटांचे. कवायतीचे बूट अनेक ठिकाणी प्रबोधिनीच देते, पण धावण्याचे बूट बहुधा घरून न्यावे लागतात, आणि ते निघण्याच्या आदल्या दिवशी घेणे ही सर्वात जास्त घडणारी चूक आहे. नव्या बुटाने टाचेला फोड येतो, फोड फुटतो, तरी धावावे लागते, आणि चौथ्या दिवशी मुलगा वैद्यकीय कक्षाबाहेर बसलेला असतो. बूट किमान तीन आठवडे आधी घ्यावेत. पहिले काही दिवस रोज अर्धा तास घरातच घालावेत, नंतर तासाभराच्या फेरीला न्यावेत आणि शेवटच्या आठवड्यात त्यांतच हलके धावावे. मोजेही तेच असावेत, जे तो तिथे घालणार आहे. फेरीनंतर टाच पाहावी. एखादी जागा लाल आणि गरम लागत असेल तर फोड तिथेच येणार आहे, म्हणून पुढच्या वेळी निघण्यापूर्वी त्या जागेवर चिकटपट्टी लावावी. आम्ही दोघे रोज संध्याकाळी त्या फेऱ्या मारत होतो. तिथे जमले नाही तर लोक काय म्हणतील, ही भीती त्याने मला बाराव्या की तेराव्या फेरीत सांगितली. समोरासमोर बसून विचारले असते तर त्याने ती कधीच सांगितली नसती.

दुसरे काम इस्त्रीचे. ब्रिटनमधील सँडहर्स्टच्या अकादमीत नवे उमेदवार स्वतःचे इस्त्रीचे टेबल बगलेत घेऊन दाखल होतात, यावरून या कौशल्याचे तिथले स्थान कळावे. शर्टाच्या बाहीवर एकच सरळ घडी पडली पाहिजे. जुनी घडी मोडून न काढता वरून नवी घातली तर बाहीवर दोन समांतर रेषा उमटतात आणि त्या तपासणीत लांबूनही दिसतात. त्यासाठी आधी बाही थोडी ओली करून जुनी घडी पूर्ण सपाट करावी, मग काखेतून मनगटापर्यंत जाणारी शिवण बरोबर खालच्या कडेला येईल अशी बाही पसरावी, म्हणजे वरची कड आपोआप खांद्यापासून सरळ उतरते, आणि मग खांद्याकडून मनगटाकडे इस्त्री फिरवावी. पहिल्या दिवशी माझ्या भावाला एका बाहीला अकरा मिनिटे लागली, आणि शेवटच्या आठवड्यात संपूर्ण शर्टाला नऊ. घड्याळ मी लावत होते आणि चिडवणेही माझ्याकडेच होते.

बुटांच्या पॉलिशचा सरावही याच बैठकीत होऊ शकतो. त्यात एकच लक्षात ठेवावे, की पॉलिशचा थर पातळ असावा आणि ओलसर सुती कापडाने लहान लहान वर्तुळांत घासावा. जाड थराने चकाकी लवकर आल्यासारखी वाटते, पण बूट वाकला की तो तडकतो.

सोबत द्यायचे पत्र

निरोपाचे पत्र निघण्याच्या आदल्या रात्री लिहू नये, कारण त्या रात्री जे लिहिले जाते ते आपल्यासाठी असते, त्याच्यासाठी नसते. मी लिहिलेला पहिला मसुदा चार पानांचा होता. त्यात एक वाक्य होते, “तुझ्याशिवाय घर खायला उठेल.” भावना खरी होती, पण हे वाक्य वाचून तो तिथे बसून काय करणार होता? दुसरे होते, “तू घराण्याचे नाव उज्ज्वल करशील यात शंकाच नाही.” हे तर अधिक घातक, कारण प्रशिक्षण झेपले नाही तर परतीची वाट त्याने बंद होते. लोक काय म्हणतील ही भीती ज्याने फेरीत बोलून दाखवली होती, त्याच्याच खिशात मी तेच ओझे घालणार होते. शेवटी जे पत्र दिले ते असे होते:

“प्रिय बाळू,
तू हे वाचशील तेव्हा तुझे केस कापून झाले असतील आणि ‘मोठ्याने बोल’ हे तू निदान दहा वेळा ऐकले असशील. तुला हळू बोलायची सवय आहे, त्यामुळे घसा बसेल. त्याने घाबरू नकोस.
तुझे टेबल मी घेतलेले नाही. खिडकीची कडी मात्र दुरुस्त करून घेतली, कारण तू दोन वर्षे नुसते करतो करतो म्हणत होतास.
बाबांच्या गुडघ्याची तपासणी मंगळवारी आहे. जे निघेल ते मी तुला खरे कळवीन, काहीही लपवणार नाही. त्यामुळे माझ्या पत्रात काळजीचे काही नसेल तर घरी सगळे ठीक आहे असे समज.
उत्तर लिहायला वेळ नसेल तर पाकिटात कोरा कागद घालून टाक. तू आहेस एवढे मला त्यावरून कळेल.
तुझी,
ताई”

यात तिसरा परिच्छेद सर्वात उपयोगी ठरला, असे त्याने नंतर सांगितले. तिथे गेलेल्या मुलाला स्वतःच्या हालांपेक्षा घरचे काहीतरी लपवत आहेत ही शंका जास्त छळते, आणि ती शंका एकदा पक्क्या शब्दाने मिटवली की प्रत्येक पत्र ओळींच्या मधले शोधत वाचावे लागत नाही. अर्थात असा शब्द दिला की तो पाळावा लागतो. पुढे बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा ते लिहू नये असे घरात सगळ्यांचे मत होते, आणि मी ते लिहिले.

पत्र ठेवायचे कुठे, हाही प्रश्न क्षुल्लक नाही. मी ते ट्रंकेत कपड्यांच्या घडीखाली ठेवले होते. पहिल्याच सामान-तपासणीत सगळी ट्रंक पलंगावर रिकामी करायला लावली गेली, पत्र सर्वांसमोर खाली पडले, आणि “बाळू” हे नाव त्या तुकडीत पुढची तीन वर्षे टिकले. कागदपत्रांच्या फोल्डरमध्येही ठेवू नये, कारण तो फोल्डर जमा होतो. लिहिण्याच्या वहीच्या मधल्या पानात, काहीही न लिहिलेल्या साध्या पाकिटात ठेवणे सर्वात बरे, आणि पत्रात घरगुती लाडाचे नाव शक्यतो टाळावे.

दहा पाकिटे

भेटवस्तू म्हणून महागडे पेन, घड्याळ किंवा तसबीर देण्याचा मोह होतो. यांपैकी काही जमा होते, काही हरवते आणि काही तपासणीत नडते. त्याऐवजी घरचा पत्ता लिहिलेली आणि तिकिटे लावलेली दहा पाकिटे द्यावीत. दिवसाच्या शेवटी त्याच्याकडे जेमतेम दहा मिनिटे असतात, आणि पाकीट, तिकीट व पत्ता शोधण्यातच ती संपली तर पत्र लिहिले जात नाही.

प्रत्येक पाकिटाच्या मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक ते दहा क्रमांक घालावेत. टपाल क्रमाने येत नाही, आणि मजकूर वाचून क्रम लावणे अवघड असते. आमच्याकडे सहावे पत्र चौथ्याच्या आधी आले. सहाव्यात “पाय आता बरा आहे” एवढेच होते, आणि पायाला काय झाले होते ते चौथ्यात. क्रमांक नसता तर उलटा क्रम लागून आम्ही चार दिवस पाय पुन्हा बिघडला असे समजत बसलो असतो. आपल्या पत्रांनाही असेच क्रमांक द्यावेत, म्हणजे “तुझे पाचवे मिळाले, चौथे नाही” असे तो एका ओळीत कळवू शकतो.

आपण पाठवतो ते पाकीट मात्र अगदी साधे असावे. रंगीत कागद, चिकटवलेली चित्रे, वरच लिहिलेला गमतीदार मजकूर यांमुळे टपाल वाटपाच्या वेळी सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे जाते, आणि लक्ष वेधले गेले की जोर काढावे लागतात. आपल्याकडच्या कॅडेटांच्या बोलीत अशा शारीरिक शिक्षेला ‘रगडा’ म्हणतात, आणि बहिणीच्या कौतुकापायी रगडा खाल्लेले कॅडेट काही कमी नाहीत. खाऊची पार्सलेही पहिल्या काळात पाठवू नयेत. बहुतेक ठिकाणी ती चालत नाहीत.

फाटक

आता प्रत्यक्ष दिवस. दिलेल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचावे, आणि मिठी मारायची असेल, रडायचे असेल, फोटो काढायचा असेल तर ते सर्व फाटकापासून लांब, गाडीपाशी उरकून घ्यावे. फाटकाच्या आत गेल्यावर त्याला हाक मारू नये. रांगेत उभा असताना त्याने वळून पाहिले नाही तर वाईट वाटून घेऊ नये, कारण त्याला तसे सांगितले गेलेले असते. शेवटचे वाक्य आधी ठरवून ठेवावे आणि ते एखाद्या ठोस, लवकर घडणाऱ्या गोष्टीबद्दल असावे, जसे “पहिले पाकीट रविवारी टाक.” आईवडिलांना सावरण्याचे काम त्या क्षणी आपल्याकडे असते, म्हणून परतीची गाडी शक्यतो त्यांना चालवू देऊ नये.

त्या दिवशीचा फोटो समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी त्यात दाखल होण्याचे पत्र, क्रमांक किंवा फाटकाच्या आतला भाग दिसत नाही ना, हे पाहावे. न टाकलेलाच बरा.

पहिले सहा आठवडे

पहिला फोन अनोळखी क्रमांकावरून येतो, त्यामुळे त्या काळात अनोळखी क्रमांक उचलावेत. आवाज घोगरा असेल. आमच्या आईला तो रडून बसलेला घसा वाटला आणि ती दोन रात्री झोपली नाही. वास्तविक तो दिवसभर हुकमांना ओरडून उत्तरे दिल्याचा परिणाम होता. फोन वाक्याच्या मध्येच तुटतो, कारण मागे रांग असते, आणि त्यातही काही अशुभ शोधू नये. बोलायला चार-पाच मिनिटेच मिळत असतील तर तीन प्रश्न पुरतात: झोप किती मिळते, पायांची स्थिती काय आहे, आणि काही हवे आहे का. उरलेल्या वेळात घरची एखादी हलकी बातमी सांगावी. “कसे चालले आहे” हा प्रश्न टाळावा, कारण मागे उभ्या असलेल्यांसमोर त्याचे उत्तर “छान” एवढेच येते.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात “मला परत यायचे आहे” असे पत्र येण्याची शक्यता बरीच असते. नावीन्य संपलेले असते, थकवा साठलेला असतो आणि शरीर अजून सरावलेले नसते. हे पत्र आपल्या हाती पडते तेव्हा ते लिहून चार-पाच दिवस झालेले असतात हे आधी ध्यानात घ्यावे, आणि होय किंवा नाही असे काहीही त्या दिवशी लिहू नये. मी भावाला एवढेच लिहिले, की निर्णय तुझा आहे, परत आलास तर टेबल तुझेच आहे, फक्त तो रविवारी दुपारी झोप काढून झाल्यावर घे आणि त्यानंतर मला कळव. पुढच्या पत्रात त्या विषयाचा उल्लेखच नव्हता. प्रत्येकाच्या बाबतीत असेच होईल असे नाही. काही मुले विचारपूर्वक परत येतात, आणि अशा वेळी आधी नियम वाचावेत, कारण काही प्रबोधिन्यांत ठरावीक टप्प्यानंतर स्वतःहून सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च भरून द्यावा लागतो.

थकवा आणि धोका यांतला फरक मात्र भावंडाला ओळखता आला पाहिजे, कारण आईवडिलांना लिहिताना मुले तो लपवतात आणि आपल्याला अर्धवट सांगतात. सगळे अंग दुखणे सामान्य आहे. नडगीच्या किंवा पावलाच्या हाडावर एकाच बोटभर जागी दुखणे, जे धावताना वाढते आणि विश्रांतीतही राहते, ते हाडाला सूक्ष्म तडा गेल्याचे लक्षण असू शकते, आणि त्यावर धावत राहिल्यास हाड पूर्ण मोडू शकते. अतिश्रमानंतर लघवी गडद तपकिरी होणे म्हणजे स्नायूंची मोडतोड होऊन मूत्रपिंडावर ताण आल्याची शक्यता असते. अशा वेळी दुसऱ्या दिवसापर्यंतही थांबू नये. त्याला स्पष्ट सांगावे, की आत्ताच वैद्यकीय कक्षात जाऊन नोंद कर. काही आठवडे मागे पडणे परवडते. आणि शिक्षेच्या नावाखाली मारहाण किंवा अपमानास्पद कृत्ये होत असल्याचे त्याने लिहिले, तर ते पत्र जपून ठेवावे, तारखा टिपाव्यात आणि त्याच्याशी बोलून तुकडीच्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. “सैन्यात असे चालायचेच” असे म्हणणारे नातेवाईक भेटतील, पण त्यांना रगडा आणि मारहाण यांतला फरक माहीत नसतो.

आपण लिहायचे ते आठवड्याला एक पत्र, ठरलेल्या दिवशी, एका पानाचे. सुरुवातीला रोज लिहून तिसऱ्या आठवड्यात थांबणारी भावंडे मी पाहिली आहेत. नेमके ज्या आठवड्यात त्याला पत्राची गरज असते त्याच आठवड्यात टपाल वाटपात त्याचे नाव पुकारले जात नाही. मजकुरात काहीही चालते. गळणारा नळ, मांजरीने कुठे पिल्ले घातली, कोण कोणावर रुसले. त्याच्या दिनक्रमाबद्दल सल्ले देऊ नयेत, ते देणारे तिथे भरपूर असतात.

त्याच्याकडून आठव्या क्रमांकाचे पाकीट आले की पुढची दहा तयार करून आपल्या पत्रासोबत पाठवून द्यावीत, आणि त्यांवर क्रमांक अकरापासून घालावेत.